‘दोन टक्क्यांनी घटला’ म्हणजे नेमकं किती?

कडुलिंब: एका कंपनीच्या प्रमुखांच्या तिमाही निकालाच्या व्हिडिओसाठी मराठी सबटायटल्स करतेय. साहेब कॅमेऱ्याकडे बघत अगदी कळकळीने सांगतात की विक्री 400 कोटींवरून 450 कोटींवर गेली, पण मार्जिन 18 टक्क्यांवरून 16 वर आलं. मी लिहिलं, ‘नफा दोन टक्क्यांनी घटला’. तपासणाऱ्याने लाल रेघ मारली. चुकलं काय?

ताळेबंद: 400 चे 18 टक्के किती? 72 कोटी. 450 चे 16 टक्के? तेही 72च. नफा रुपयानेही घटला नाही, तो तुम्ही घटवलात. घटलं ते विक्रीतलं नफ्याचं प्रमाण. आणि तेसुद्धा 2 टक्क्यांनी नव्हे. 18 मधले 2 गेले म्हणजे जवळपास 11 टक्क्यांनी.

मोडीप्रेमी: ‘शेकडा 18 वरून शेकडा 16 वर’ लिहा, भांडण मिटलं. द.सा.द.शे. शाळेत सगळ्यांनीच घोकलंय. टक्का आला टका या नाण्यावरून, म्हणजे परकाच. आणि तिमाही कसलं, त्रैमासिक म्हणा.

ताळेबंद: टका संस्कृत टंकापासून आला असं मानतात, मग परका कसा? तिमाहीतला ‘माह’ मात्र फारसी, ते कबूल.

चिंचगूळ: त्रैमासिक म्हटलं की मला वर्गणी थकल्याचं पत्र आठवतं.

बांधावरून: शेकड्याचं कौतुक नको. आमच्याकडे सावकार ‘शेकडा दोन’ म्हणतो ते महिन्याला, म्हणजे वर्षाचे 24. वडिलांनी वर्षाचे समजून चाळीस हजार उचलले होते. महिन्याला आठशे द्यायची वेळ आली तेव्हा अर्थ कळला.

रात्रपाळी: फेब्रुवारी 2025 मध्ये रेपो दर 6.50 वरून 6.25 वर आला तेव्हा आम्ही ‘पाव टक्का कपात’ असंच छापलं. काटेकोर बघितलं तर चूक, पण एकही वाचक गोंधळला नाही. रूढ झालं की बरोबर.

ताळेबंद: तिथे दोन्ही दर शेजारी छापलेले असतात म्हणून. सबटायटल तीन सेकंदांत जातं. ‘शंभराच्या विक्रीमागे 18 रुपये उरायचे, आता 16’ हे बसतं का बघा.

कडुलिंब: बसतं. पण मागच्या आलेखात स्तंभ 14 पासून सुरू होतात, त्यामुळे 18 चा स्तंभ 16 च्या दुप्पट उंच दिसतो. बघणाऱ्याला नफा अर्धा झाल्यासारखं वाटेल.

चिंचगूळ: ते सबटायटलवालीचं काम नाही गं.

मोडीप्रेमी: आलेख नव्हे, स्तंभालेख.

कडुलिंब: अजून एक. साहेब दर दोन वाक्यांनी ‘टू बी ऑनेस्ट’ म्हणतात. ‘प्रामाणिकपणे सांगायचं तर’ लिहिलं की आधीचं सगळं खोटं होतं असं वाटतं. ‘खरं सांगू का’ लिहिलं तर शेजारच्या काकू बोलतायत असं. काय करू?

रात्रपाळी: गाळून टाका.

बांधावरून: गाळू नका. सावकारही दर वेळी तेच म्हणायचा.