अनुभव धागा: अर्जासोबतचा ईमेल आणि त्याची विषय-ओळ

वडगावची मावशी
काल भाचीने खानापूरहून फोन करून विचारले, "मावशी, अर्जाची पीडीएफ झाली, आता ईमेलमध्ये काय लिहू?" तेव्हा मला माझा जुना अर्ज आठवला. कोल्हापूरकडील एका शाळेत गणिताच्या शिक्षिकेची जागा होती. अर्ज दोन दिवस खपून लिहिला, पण ईमेलच्या विषयात केवळ 'अर्ज' असे लिहिले, मजकूर कोरा ठेवला आणि `Scan0003.pdf` नावाची फाइल जोडून दिली. पंधरा दिवसांनी चौकशी केली, तेव्हा कारकुनाने शांतपणे सांगितले की 'अर्ज' या विषयाचे रजेचे, दाखल्याचे, फी सवलतीचे असे पुष्कळ मेल आलेले आहेत, त्यांतला आपला कोणता? मुलाखती तोवर झाल्या होत्या. आपापले अनुभव लिहावेत, भाचीला दाखवीन.

टिळकवाडीचे निवृत्त अधीक्षक
मी काही वर्षे एका संस्थेचा मेल उघडण्याचे काम केले आहे, म्हणून पलीकडच्या बाजूने सांगतो. सकाळी समोर नुसती यादी असते आणि फोनवर तर विषयाचे पहिले काही शब्दच दिसतात. 'आपणांस सविनय विनंती की' यातच ते शब्द संपले, तर मेल कशाचा आहे हे न उघडता कळत नाही. पदाचे नाव प्रथम, मग जाहिरातीचा क्रमांक किंवा तारीख आणि शेवटी स्वतःचे नाव असावे. ताईंच्या अर्जाचा विषय असा लिहिता आला असता: 'सहायक शिक्षक (गणित) पदासाठी अर्ज, १२ जूनची जाहिरात', आणि पुढे पूर्ण नाव.

मजकूर इतकाच पुरे: 'माननीय मुख्याध्यापक, १२ जूनच्या जाहिरातीतील सहायक शिक्षक (गणित) या पदासाठीचा माझा अर्ज आणि बी.एड.चे गुणपत्रक अशा दोन पीडीएफ फायली सोबत जोडल्या आहेत. मेल मिळाल्याचे कळवावे, ही विनंती.' खाली नाव व फोन क्रमांक. फायलींची संख्या मुद्दाम लिहावी, कारण एकच फाइल पोहोचली तर वाचणाऱ्याला लगेच उमगते. फाइल उतरवून घेतली की ती मेलपासून तुटते, म्हणून फाइलच्या नावातही आपले नाव व पद हवे.

निपाणीकर
मी तर संपूर्ण अर्जच मेलच्या मजकुरात उतरवतो. जोडलेली फाइल कोणी उघडली नाही, तरी अर्ज वाचला जातोच.

टिळकवाडीचे निवृत्त अधीक्षक
जाहिरातीत तसे मागितले असेल तर अवश्य उतरवावा. एरवी एकाच अर्जाच्या दोन प्रती होतात. एका अर्जदाराने पीडीएफमध्ये फोन क्रमांक बदलला आणि मजकुरात जुनाच ठेवला; आम्ही जुन्यावर फोन करीत बसलो.

शहापूरची वाचक
निपाणीकर दादा, माझा अर्ज डीटीपीवाल्याने जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केला होता. पीडीएफमध्ये अक्षर सुरेख दिसत होते, पण तोच मजकूर मी मेलमध्ये चिकटवला तेव्हा रोमन अक्षरांचा भुसा झाला, आणि तो मी न पाहता पाठवला!

चिकोडीकर
पाकिटावर विषय डावीकडे लिहावा की मध्यभागी? आमच्याकडे अर्ज हातोहात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घेतात, तेच बरे वाटते.

शहापूरची वाचक
काका, येथे ईमेलची चर्चा चालली आहे. मात्र पोचेचे आपले म्हणणे खरे आहे, 'पाठवलेले' मध्ये मेल दिसतो म्हणजे तो कोणी वाचला असे होत नाही.

हलगेकर
माझी चूक निराळी. प्रमाणपत्रे रंगीत आणि फार मोठ्या आकारात स्कॅन केल्यामुळे सर्व मिळून २५ एमबीच्या वर गेली. जीमेलने ती जोडण्याऐवजी ड्राइव्हचा दुवा घातला, आणि परवानगी न देताच मी मेल पाठवला. पलीकडून परवानगी मागणारा मेल आला, तो मी चार दिवसांनी पाहिला. आता करड्या रंगात स्कॅन करतो आणि पाठवण्यापूर्वी स्वतःच्या दुसऱ्या पत्त्यावर पाठवून फोनवर उघडून पाहतो.

खानापूरची भाची
मावशीने धागा दाखवला. बेळगावातील संस्थेची जाहिरात कन्नड आणि इंग्रजीत आहे, माझा अर्ज इंग्रजीत आहे. विषय कोणत्या भाषेत लिहावा?

टिळकवाडीचे निवृत्त अधीक्षक
पदाचे नाव जाहिरातीत जसे छापले आहे तसेच, त्याच भाषेत लिहावे. शोधताना कारकून तोच शब्द टाकतो.

निपाणीकर
मला हे पटत नाही. मी विषय इंग्रजीत आणि मजकूर कन्नडमध्ये लिहितो, आणि मला उत्तरे आलेली आहेत.

वडगावची मावशी
भाचीने विषय इंग्रजीत लिहून मेल पाठवला आणि फाइल जोडायचीच विसरली. मराठीत 'सोबत जोडले आहे' लिहिताना मला जीमेलने कधी टोकले नाही, पण तिचे इंग्रजी वाक्य वाचून त्याने टोकले होते. तिने घाईत 'पाठवा' दाबले. आता त्याच मेलला उत्तर देऊन फाइल पाठवावी, की विषयात 'सुधारित' लिहून नवा मेल करावा, यावर घरात वाद चालू आहे.

टिळकवाडीचे निवृत्त अधीक्षक
त्याच मेलला उत्तर द्यावे, विषय बदलू नये आणि पहिल्या वाक्यात राहिलेली फाइल जोडत असल्याचे लिहावे. पण आधी फाइल जोडावी, मग वाक्य लिहावे.