व्हिडिओ टीमच्या सोमवारच्या डॅशबोर्डवर कुठले पाच आकडे ठेवावेत?

बांधावरची_मेघा
नमस्कार मंडळी. नाशिक जिल्ह्यातून आम्ही शेतीचं यूट्यूब चॅनेल चालवतो. पाच जण आहोत. दोघं शूटिंगला, एक संपादनाला, एक थंबनेल आणि शॉर्ट्स बघतो, समन्वय माझ्याकडे. आठवड्याला दोन मोठे व्हिडिओ जातात, मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सातला, शिवाय तीन-चार शॉर्ट्स.

सोमवारी दहाला अर्धा तास बसतो. समोर गूगल शीट असते आणि तिच्यात तेवीस रकाने आहेत. व्ह्यूज, लाइक, कमेंट, शेअर, सबस्क्रायबर, जे जे यूट्यूब स्टुडिओतून उतरवता येतं ते सगळं. अर्धा तास आकडे वाचण्यात जातो आणि शेवटी ठरतं काय, तर "पुढचा चांगला करू". मला पाचच आकडे ठेवायचे आहेत, पण असे की ते बघून त्याच बैठकीत काहीतरी ठरलं पाहिजे. कुठले ठेवू आणि कुठल्या क्रमाने?

रीलवाला_संकेत
सगळ्यात वर एकूण व्ह्यूज, शॉर्ट्स धरून. चॅनेल वाढतंय की नाही ते एका नजरेत कळतं. त्याखाली सीटीआर, म्हणजे थंबनेल दिसल्यावर किती टक्के वेळा दाबलं गेलं. तो चार टक्क्यांच्या खाली गेला की थंबनेल बदलायचं, विचार करायचा नाही. बाकी सगळं काढून टाका.

आकडेमोड_पुणे
संकेत, सीटीआरला महत्त्व दिलंत ते बरोबर आहे. बाकी दोन्ही गोष्टींवर मात्र माझं मत वेगळं आहे.

शॉर्ट्सचे व्ह्यूज मोठ्या व्हिडिओंमध्ये मिसळू नका. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झाला की व्ह्यू धरला जातो, पुन्हा फिरला की पुन्हा धरला जातो. कमीत कमी किती वेळ बघितला याची अट राहिली नाही. एक शॉर्ट फिरला की एकूण बेरीज दुप्पट होते आणि मोठे व्हिडिओ आपटलेत हे दिसतच नाही. शॉर्ट्सना वेगळं पान द्या.

आणि चार टक्के ही रेघ कुणाची? यूट्यूबच्याच मदत पानावर लिहिलंय की निम्म्या चॅनेल आणि व्हिडिओंचा सीटीआर २ ते १० टक्क्यांच्या मधे असतो. एवढ्या रुंद पट्ट्यात सगळ्यांसाठी एकच आकडा चालत नाही. शिवाय व्हिडिओ चांगला चालला की यूट्यूब तो अनोळखी लोकांपुढे नेतं, इम्प्रेशन, म्हणजे थंबनेल दिसण्याच्या वेळा, वाढतात आणि सीटीआर उतरतो. तेव्हा थंबनेल बदललंत तर चालत्या बैलाला काठी मारल्यासारखं होईल. म्हणून सीटीआरच्या खालीच, त्याच चौकटीत, इम्प्रेशन लिहा. दोन्ही घसरले तर गोष्ट वेगळी. सीटीआर घसरला पण इम्प्रेशन दुप्पट झाले, तर हात लावू नका.

मेघाताई, आकडे निवडण्याआधी मला एक सांगा. सोमवारी तुम्ही नेमके कुठले निर्णय घेऊ शकता? आकडे मग त्यावरून निवडू.

बांधावरची_मेघा
चांगला प्रश्न आहे, आम्ही असा विचारच केला नव्हता. बसून लिहून काढलं. थंबनेल किंवा शीर्षक बदलणं. व्हिडिओची सुरुवात कापणं. पुढच्या व्हिडिओची लांबी आणि मांडणी. तोच विषय पुढे न्यायचा की सोडायचा. आणि या आठवड्यात शूटिंगला बाहेर पडायचं की संपादनाला बसायचं. एवढंच आहे आमच्या हातात.

लग्नफिल्म_सातारा
आमचा स्टुडिओ लग्नाचे व्हिडिओ करतो, त्यामुळे व्ह्यूज वगैरे आमच्या कामाचे नाहीत. आमच्या फळ्यावर दोनच गोष्टी असतात. शूटिंग झालं पण संपादन बाकी अशी किती कामं पडलीत, आणि ग्राहकाने किती वेळा दुरुस्तीला परत पाठवलं. तुमच्या शीटमध्ये असलं काही दिसलं नाही म्हणून लिहितोय. तुम्हाला उपयोग नसेल तर सोडून द्या.

आकडेमोड_पुणे
उलट, हेच राहून गेलं होतं. मेघाताईंच्या यादीतला शेवटचा निर्णय यूट्यूबच्या कुठल्याच आकड्यावरून घेता येणार नाही. "प्रसिद्धीला तयार व्हिडिओ किती" हा आकडा फक्त टीमलाच माहीत असतो.

तर माझे पाच असे. पहिल्या सात दिवसांतले व्ह्यूज, खाली इम्प्रेशनसह सीटीआर, तिसाव्या सेकंदाला किती टक्के लोक उरले, सरासरी किती मिनिटं बघितलं, आणि तयार व्हिडिओ.

प्रत्येक व्हिडिओची एक ओळ, नवा वर. डावीकडून उजवीकडे रकाने प्रेक्षकाच्या वाटेने लावा. आधी तो थंबनेल बघतो, मग दाबतो, मग तीस सेकंद थांबतो, मग पुढे बघत राहतो. ही वाट जिथे तुटते तिथे बोट ठेवता आलं पाहिजे. सात दिवसांचे व्ह्यूज हा निकाल आहे, म्हणून तो सगळ्यात डावीकडे जाड अक्षरात. आधी निकाल, मग कारण शोधत उजवीकडे. तयार व्हिडिओंचा आकडा कुठल्या एका ओळीचा नाही, तो शीटच्या माथ्यावर एकटा, मोठा. रकान्यांच्या मथळ्याखाली बारीक अक्षरात लिहून ठेवा की हा आकडा बिघडला तर काय करायचं आणि कोणी.

तुलना सरासरीशी नको, मधल्या आकड्याशी करा. समजा B रकान्यात सात दिवसांचे व्ह्यूज आहेत आणि नवा व्हिडिओ दुसऱ्या ओळीत आहे:

```
=B2/MEDIAN(B3:B14)-1
```

त्या रकान्याला टक्क्यांचं फॉरमॅट दिलं की आधीच्या बारा मोठ्या व्हिडिओंशी किती फरक पडला ते टक्क्यांत येतं. रंग फक्त तीस टक्क्यांहून जास्त फरकाला द्या. मी आधी हिरवा-पिवळा-लाल सगळीकडे लावायचे, तेव्हा पान रंगपंचमीसारखं दिसायचं आणि नजर कुठेच थांबायची नाही.

बांधावरची_मेघा
मधल्या आकड्याचं लगेच पटलं. डिसेंबर २०२३ मध्ये कांदा निर्यातबंदी आली तेव्हा लासलगावच्या बाजारातून केलेला आमचा एक व्हिडिओ खूप चालला. आमची सरासरी चॅनेलच्या सुरुवातीपासूनची आहे, त्यामुळे तो व्हिडिओ अजून तिच्यात बसलाय आणि त्यानंतरचा जवळजवळ प्रत्येक व्हिडिओ "सरासरीपेक्षा कमी" दिसतो. मुलं त्यानेच हिरमुसतात.

दोन ताजे व्हिडिओ तुमच्या पद्धतीने मांडले.

ठिबकच्या लॅटरलची ॲसिडने सफाई: सात दिवसांत २,९०० व्ह्यूज, आमचा मधला आकडा ६,४००. इम्प्रेशन ७०,००० (मधला ८५,०००). सीटीआर ३.१ टक्के (मधला ५.४). तिसाव्या सेकंदाला ७१ टक्के (मधला ६२). सरासरी ५ मिनिटं १० सेकंद (मधला ४:२०).

कांद्याचे भाव पुढे काय राहतील: व्ह्यूज ७,१००, सीटीआर ८.२, तिसाव्या सेकंदाला ४१ टक्के, सरासरी २:०५.

तेवीस रकान्यांत आम्ही पहिल्याला "फसला" आणि दुसऱ्याला "चालला" म्हणून बसलो होतो.

आकडेमोड_पुणे
मग वाट कुठे तुटते ते बघा. ठिबकच्या व्हिडिओत आत आलेले लोक नेहमीपेक्षा जास्त थांबलेत. इम्प्रेशनही फार पडलेले नाहीत. तुटलंय ते दारातच, म्हणजे थंबनेल आणि शीर्षकात. संपादकाला यात काहीही सांगू नका, त्याचं काम उत्तम झालंय. थंबनेलवर काय होतं?

बांधावरची_मेघा
ॲसिडचा कॅन आणि "ठिबक देखभाल भाग २".

आकडेमोड_पुणे
"भाग २" वाचून पहिला भाग न बघितलेला माणूस पुढे जातो. चोंदलेला ड्रिपर जवळून दाखवा आणि शीर्षकात त्याची अडचण येऊ द्या, पाणी शेवटच्या झाडापर्यंत का पोचत नाही वगैरे. तुम्हाला स्टुडिओत थंबनेलची तुलना-चाचणी उपलब्ध असेल तर दोन-तीन टाकून बघा. फक्त लक्षात घ्या, ती चाचणी क्लिकवरून नाही, बघितलेल्या वेळेच्या वाट्यावरून विजेता ठरवते.

भावाच्या व्हिडिओत उलट आहे. शीर्षकाने लोक आत आले आणि अर्ध्याहून जास्त तीस सेकंदांच्या आत निघून गेले. सुरुवातीला काय आहे?

बांधावरची_मेघा
लोगो, रामराम, चॅनेलची ओळख, मग ड्रोनचा शॉट. भाव पन्नासाव्या सेकंदाला येतो.

आकडेमोड_पुणे
स्टुडिओच्या एडिटरमध्ये सुरुवात कापता येते, लिंक आणि व्ह्यूज तसेच राहतात. पुढच्या वेळी भाव आधी, रामराम नंतर.

सरासरी मिनिटांबद्दल एक सांगते, तिथे टक्के न घेता मिनिटं घेतली त्याचं कारण आहे. सहा मिनिटांचा व्हिडिओ पन्नास टक्के बघितला म्हणजे तीन मिनिटं, चौदा मिनिटांचा पस्तीस टक्के म्हणजे जवळपास पाच. टक्के बघितले तर छोटाच व्हिडिओ जिंकतो. पण मिनिटांतही खोट आहेच, लांब व्हिडिओला तिथे आपोआप फायदा मिळतो. म्हणून हा एक रकाना साधारण सारख्या लांबीच्या व्हिडिओंशीच ताडा.

रीलवाला_संकेत
शॉर्ट्सचं पटलं. पण सात दिवस थांबायचं म्हणजे शुक्रवारचा व्हिडिओ आपटला तरी पुढच्या सोमवारी गप्प बसायचं? तोवर तो मेलेला असतो.

आकडेमोड_पुणे
मुद्दा खरा आहे. सोमवारी सकाळी दहाला स्टुडिओचा रविवार संपलेलाही नसतो. त्यांचा दिवस अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेने चालतो, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला पालटतो. वर आकडे स्थिरावायला दोनेक दिवस लागतात. त्यामुळे सोमवारच्या पानावर मागच्या नव्हे, त्याच्या आधीच्या शुक्रवारचा व्हिडिओ येतो. शिकण्यासाठी ते चालतं, वाचवण्यासाठी उशीर होतो.

वाचवण्यासाठी डॅशबोर्ड लागत नाही. प्रसिद्धीनंतर दुसऱ्या दिवशी थंबनेल करणाऱ्याने स्टुडिओ उघडावा. तेवढ्याच वेळातल्या व्ह्यूजवर गेल्या दहा व्हिडिओंत याचा कितवा नंबर लागला हे पहिल्याच पानावर दिसतं. आठ-नऊ-दहामध्ये असेल आणि सीटीआरही खाली असेल तर त्याच दिवशी थंबनेल बदलायची त्याला मुभा द्या, बैठकीची वाट नको.

द्राक्षबाग_निफाड
मी टीममध्ये नाही, प्रेक्षक आहे. आमच्याकडे ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की छाटणीचे, डाऊनीचे व्हिडिओ शोधून शोधून बघतो. मे महिन्यात कोणी दाखवले तरी बघत नाही. मग मागच्या बारा व्हिडिओंशी तुलना करून काय कळणार?

आकडेमोड_पुणे
दादा, हे या पद्धतीचं खरंच दुखणं आहे. बारा व्हिडिओ म्हणजे यांचे सहा आठवडे. हंगाम पालटला की व्ह्यूजचा रकाना काही आठवडे खोटं बोलणार. तीस सेकंदांचा रकाना त्यामानाने कमी हलतो. गेल्या वर्षीच्या त्याच हंगामातले व्हिडिओ असतील तर मेघाताई, त्यांचा मधला आकडा शेजारी लिहून ठेवा.

बांधावरची_मेघा
ऑक्टोबरचे गेल्या वर्षीचे नऊच आहेत, तेवढे घेते.

आणि परतून येणारे प्रेक्षक? ते मला सोडवत नाही. शेतकरी पुन्हा आला तरच आमच्यावर विश्वास बसला असं मी धरते.

आकडेमोड_पुणे
मी तो महिन्याच्या पानावर ठेवते. आठवड्यात तो हलला तरी तुम्ही सोमवारी त्यावर काय करणार?

लग्नफिल्म_सातारा
मला मेघाताईंचं बरोबर वाटतं. काही करता आलं नाही तरी रोज डोळ्यांसमोर असावा असा आकडा असतो. आमच्या फळ्यावर ओळखीतून आलेली कामं लिहिलेली असतात, त्यावर आम्ही काहीच ठरवत नाही.

बांधावरची_मेघा
सध्या महिन्याच्या पानावर टाकलाय, पण मन लागत नाहीये. तयार व्हिडिओंचा आकडा आज माथ्यावर लिहिला: १. म्हणजे मंगळवारचा आहे, शुक्रवारचा नाही, आणि चार ठिकाणचं शूट केलेलं फुटेज संपादनाविना पडून आहे. या आठवड्याचं येवल्याचं शूटिंग रद्द केलं. दोघं कॅमेरावाले आता संपादकाला फुटेज निवडून देतायत.