सतरा वर्षांच्या मुलाला 'दिस वॉर ऑफ माइन' द्यावा का?

नदीकाठचा: भाचा सतराचा, वाचणारा मुलगा. त्याला 'युद्धविरोधी' गेम हवाय. बटणं दाबून कुणाचं दुःख कळत नाही, ही शुद्ध फसवणूक आहे.

रात्रपाळी: खेळलात का? यात तुम्ही सैनिक नसताच. वेढा पडलेल्या शहरातल्या पडक्या घरात तिघं असतात. दिवसा स्नायपरमुळे बाहेर पडता येत नाही, रात्री एकालाच पाठवायचं. माझ्या तिघांतला पावले आजारी होता, औषध संपलेलं. त्यांतलीच कात्या एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरात शिरली. ते लढत नाहीत. म्हातारा नुसता विनवत मागे मागे फिरला. तिने औषधं उचलली. सकाळी ती खिन्न, मग पार खचली, चालही मंदावली. पावले बरा झाला, पण घर मात्र मोडलं. गोळी न झाडता मिळालेली ही शिक्षा.

तात्या_मिरज: आमचा धाकटा रात्री दोनपर्यंत मोबाइलवर गोळ्याच झाडतो. बारावीचं वर्ष वाया गेलं. आधी रिचार्ज बंद करा!

रात्रपाळी: तात्या, तो वेगळा गेम आहे. इथे त्याचा काय संबंध?

तात्या_मिरज: संबंध नाही कसा? घरात भोगतोय आम्ही!

शाईपेन: पोलंडने हा गेम शाळांत सक्तीचा केलाय. मग वाद कसला?

रात्रपाळी: सक्तीचा नाही. 2020 मध्ये पूरक साहित्यात घेतला, तोही अठरा पूर्ण झालेल्यांसाठी. बनवणारी कंपनी वॉर्सातली आहे.

शाईपेन: बरं, सक्ती मागे घेतो. पण अठराचं तुम्हीच काढलंत! भाचा सतराचा आहे.

इतिहासवेडी: माझी हरकत वयावर नाही. गेमची प्रेरणा बोस्नियातल्या सारायेव्होच्या वेढ्याची, एप्रिल 1992 ते फेब्रुवारी 1996. गेममधलं शहर मात्र पोगोरेन, काल्पनिक. खरा वेढा बोस्नियन सर्ब फौजांनी घातला होता. हे तिथे कुठेच येत नाही. मुलगा 'युद्ध वाईट' एवढं घेऊन उठेल आणि करणारे सुटतील. माझ्या वर्गात मी हेच पाहिलंय: मुलं हळहळतात, पण कोणी केलं विचारलं की गप्प.

रात्रपाळी: हे खटकतं, पण मान्य. तरी उपाशी माणसाला रात्री कुठे जावं हे ठरवताना आधी 'कोण दोषी' सुचत नाही.

इतिहासवेडी: त्याला नसेल सुचत. तुमच्या भाच्याला सुचायला हवं.

नदीकाठचा: माझा भाचा, यांचा नाही. म्हाताऱ्याच्या घरात शिरण्याआधी त्याने किती वेळ घेतला, हे शेजारी बसून बघेन. झटकन घेतलं, तर गेम बंद.

रात्रपाळी: झटकनच घेईल. मीही घेतलं होतं. दोन दिवसांनी कात्याबद्दल विचारा.

तात्या_मिरज: आणि मोबाइल?