मदत हवी आहे: रोजच्या नोंदींची बेरीज ४९:०६, आठवड्याची एकूण मात्र ४८:००

हजेरीलेखनिक:
नमस्कार. चाकण परिसरातील एका कारखान्यात हजेरी आणि पगारपत्रकाचे काम माझ्याकडे आहे. पाळी सकाळी ८:३० ते सायंकाळी ५:०० अशी असून मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी असते आणि प्रत्येक कामगार दिवसातून चार वेळा पंच करतो. एका कामगाराच्या गेल्या आठवड्याच्या दैनिक नोंदी सोमवारपासून शनिवारपर्यंत अनुक्रमे ८:१७, ८:०९, ८:१२, ८:१४, ८:०६ आणि ८:०८ अशा आहेत. त्यांची बेरीज ४९ तास ६ मिनिटे होते, परंतु त्याच पत्रकाच्या तळाशी आठवड्याची एकूण ४८:०० दिसते आणि पगार त्यावरूनच निघतो. आठवड्याच्या ४८ तासांपुढील कामाला दुप्पट दर असल्यामुळे या कामगाराचा सहासष्ट मिनिटांचा ओव्हरटाइम बुडतो आहे. त्याने मला कारण विचारले आणि मला ते सांगता आले नाही. चूक कोठे शोधावी?

आकडेमोड:
एक्सेलमध्ये चोवीस तासांपुढील बेरीज नीट दिसत नाही. रकान्याचा फॉरमॅट `[h]:mm` करून पाहा, बहुधा तेवढ्याने काम होईल.

जुना_टाइमकीपर:
फॉरमॅटचा दोष असता तर ४९:०६ ऐवजी १:०६ दिसले असते. इथे नेमके ४८:०० आले आहे, म्हणून प्रत्येक पंच पाव तासाला राउंड होत असावा असा माझा अंदाज आहे. सोमवारचे चारही मूळ पंच द्याल का?

हजेरीलेखनिक:
८:२४ आत, १२:३४ बाहेर, १२:५८ आत, ५:०५ बाहेर.

जुना_टाइमकीपर:
मग कारण हेच आहे. सात मिनिटांपर्यंत मागच्या पाव तासाला आणि आठ मिनिटांपासून पुढच्या पाव तासाला, असा नियम लावला की हे चार पंच ८:३०, १२:३०, १:०० आणि ५:०० होतात. प्रत्यक्षात ४:१० आणि ४:०७ मिळून ८:१७ भरतात, तर राउंडिंगनंतर नेमके आठ तास उरतात. सकाळी सहा, जेवणाला जाताना चार, परतताना दोन आणि सायंकाळी पाच अशी सतरा मिनिटे गेली. तुमच्या पत्रकातील दैनिक रकाना मूळ पंचांवरून आणि आठवड्याची एकूण राउंड केलेल्या पंचांवरून निघते, म्हणून दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असूनही जुळत नाहीत. पडताळण्यासाठी पंचांशेजारी रिकामा रकाना घेऊन हे सूत्र भरा आणि त्यावरून बेरीज करा. ४८:०० आले तर शंका उरणार नाही.

```
=MROUND(B2,TIME(0,15,0))
```

रातपाळी:
आमच्याकडेही असाच घोळ आहे. रात्री अकराला आत आलेल्या माणसाचा सकाळचा पंच दुसऱ्या दिवसावर चढतो आणि पहिल्या दिवशी शून्य तास दिसतात.

जुना_टाइमकीपर:
तो दिवस बदलण्याच्या वेळेचा प्रश्न आहे, राउंडिंगचा नाही. त्यासाठी वेगळा धागा काढावा.

न्यू_जर्सीकर:
इथे अमेरिकेत पाव तासाचे राउंडिंग जुने आहे आणि संघीय नियमांना ते चालते. कधी दोन मिनिटे जातात, कधी दोन मिळतात, दीर्घकाळात हिशेब बरोबरीला येतो.

जुना_टाइमकीपर:
बरोबरीला येणे ही त्या नियमातली अटच आहे, ती आपोआप पूर्ण होत नाही. जेवणाच्या सुट्टीचे पंच राउंड करणे तर कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अमान्य केले. हजेरीलेखनिक, तुमच्याकडे उशिराचा शेरा मूळ पंचावर लागतो की राउंड केलेल्या?

हजेरीलेखनिक:
मूळ पंचावर. ८:३१ झाले की शेरा लागतो. शिवाय कंपनीची बस सव्वाआठच्या सुमारास पोहोचते, त्यामुळे बहुतेक जण आधीच पंच करतात. आपल्या सूत्राने बेरीज ४८:०० च आली.

जुना_टाइमकीपर:
तर मग राउंडिंग एकाच बाजूला झुकलेले आहे. ८:३७ ला येणाऱ्याला सात मिनिटे मिळू शकली असती, पण शेऱ्याच्या धाकाने तसे कोणी येतच नाही. लवकर येणाऱ्याची मिनिटे मात्र रोज कापली जातात. राउंडिंग कोठे करावे हेही लहान प्रश्न नाही. तुमच्याच आकड्यांत दिवसाची बेरीज राउंड केली तर आठवडा ४९:१५ होतो आणि फक्त आठवड्याची बेरीज राउंड केली तर ४९:००. माझ्या मते पंच मिनिटांतच ठेवावेत आणि राउंडिंग करायचेच असेल तर शेवटी एकदाच करावे.

पाळीप्रमुख:
८:२४ ला पंच केला म्हणजे यंत्रावर काम ८:२४ ला सुरू झाले असे होत नाही. फाटकाशी थांबण्याचे पैसे कंपनीने का द्यावेत?

हजेरीलेखनिक:
सकाळच्या सहा मिनिटांबद्दल आपले म्हणणे विचारात घेता येईल, परंतु सायंकाळची पाच मिनिटे आणि जेवणातून दोन मिनिटे आधी परत येणे हे फाटकाशी थांबणे नव्हे. पुरवठादाराने कळवले आहे की राउंडिंग बंद करता येते, पण तो बदल पुढील नोंदींनाच लागू होईल. मागील महिन्यांचे मूळ पंच यंत्रात आहेत आणि ते पुसले जाण्याआधी मी उतरवून घेत आहे. त्यांवरून फरकाची रक्कम काढून व्यवस्थापनापुढे कोणी ठेवली असल्यास ती कामगारनिहाय मांडली की आठवडानिहाय, हे कृपया सांगावे.