मदत हवी आहे: डबल बासच्या तारा लिहिलेल्या स्वरापेक्षा एक सप्तक खाली का वाजतात?

नीलांबरी:
नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी सहावीत आहे, तिने यंदा शाळेच्या ऑर्केस्ट्रासाठी डबल बास घेतला. मापाने अर्धा बास आहे, तरी तिच्याहून उंच. मी लहानपणी पेटी शिकले, पाश्चात्त्य नोटेशन आता तिच्याबरोबरच शिकते आहे.

परवा बास उतरला म्हणून आम्ही घरच्या 61 पट्ट्यांच्या कीबोर्डवर लावायला बसलो. पुस्तकात जी तार बास क्लेफच्या सगळ्यात वरच्या घरात लिहिली आहे. कीबोर्डवर तो जी म्हणजे मधल्या सी-च्या लगेच खालचा. आम्ही खुंटी पिळत गेलो, पिळत गेलो, तार कडक झाली तरी स्वर काही येईना. मुलगी घाबरली, म्हणून थांबलो. शिक्षिकेने ई-मेलवर एवढंच लिहिलं की बास एक सप्तक खालीच वाजतो.

मग तसं लिहीत का नाहीत? आणि भावाचं व्हायोलिन सा-प अंतराने लागतं, हिच्या तारा सा-म अंतराने. हे असं का? माझ्या कानाला मध्यमाचं लावणं ओळखीचं आहे, पण कारण कळत नाही.

सप्तसूर:
ताई, बास हे ट्रान्सपोजिंग वाद्य आहे, क्लॅरिनेटसारखं. म्हणजे लिहिलेला स्वर आणि वाजणारा स्वर वेगळा. तिला प्रत्येक नोट मनात बदलून वाजवावी लागेल. सवयीने जमतं.

खर्जप्रेमी:
सप्तसूर, अर्धं बरोबर आहे, पण मुलीला काहीही बदलायचं नाही. क्लॅरिनेटवाला सी वाचतो तेव्हा बी फ्लॅट ऐकू येतो, तिथे स्वराचं नावच बदलतं. बासमध्ये जी वाचला की जी-च वाजतो, फक्त मंद्र सप्तकातला. नाव तेच राहतं, त्यामुळे डोक्यात काही हिशेब नाही.

नीलांबरीताई, आधी तातडीचं. एक सप्तक वर चढवायला तारेवरचा ताण चौपट व्हावा लागतो. मोठ्या बासच्या एका तारेवर मुळातच साधारण 28-30 किलोचा ताण असतो, म्हणजे तुम्ही कुठे निघाला होतात ते बघा. तार लगेच हळूहळू सैल करा. मग बास आडवा ठेवून बाजूने ब्रिज बघा. तारा चढवल्या की ब्रिजचं वरचं टोक फिंगरबोर्डकडे झुकतं. शेपटाकडची बाजू वरच्या पाटाला काटकोनात हवी. झुकलेला असेल तर तारा थोड्या सैल करून दोन्ही हातांनी, अगदी थोडं थोडं करत सरळ करा. सगळ्या तारा एकदम सोडू मात्र नका, आतली काठी पडते आणि मग दुकानातच न्यावं लागतं.

आता सप्तकाचं. बासची सगळ्यात खालची तार ई, 41 हर्ट्झच्या आसपास. ती जिथे वाजते तिथेच लिहायची म्हटली तर बास क्लेफच्या खाली चार जादा रेघा मारून चौथीच्या खाली टांगावी लागेल. पानभर असं कोण वाचणार? एक सप्तक वर लिहिली की तीच ई खालच्या पहिल्या जादा रेघेवर येते. ए पहिल्या घरात, डी मधल्या रेघेवर, जी वरच्या घरात. सगळं वाद्य पाच रेघांत बसलं.

पण मला त्यामागचं दुसरं कारण जास्त आवडतं. हायडन-मोत्झार्टच्या काळात बास बहुतेक वेळा चेलोचीच ओळ वाचायचा. स्वरलेखात दोघांना मिळून एकच ओळ असायची. तोच कागद चेलोने वाजवला की एक आवाज, बासने वाजवला की त्याच्याखाली एक सप्तक. बेथोवनची पाचवी सिंफनी, 1808 मध्ये पहिल्यांदा वाजली ती, तिच्या तिसऱ्या भागाच्या मध्यात चेलो आणि बास एकत्र धावत सुटतात. ते ऐकवा मुलीला. खालची सावली म्हणजे तिचं वाद्य.

बासगिटार_ठाणे:
माझ्या बासगिटारचंही हेच आहे. पण माझा प्रॉब्लेम असा की फोनचं ट्यूनर ई तार पकडतच नाही, कधी बी दाखवतं. ताई, तुमचं ट्यूनरच चुकतंय, नवं घ्या.

नीलांबरी:
आम्ही ट्यूनर वापरलंच नव्हतं, कीबोर्ड वापरला होता. ब्रिज खरंच थोडा पुढे झुकला होता. खर्जप्रेमी, तुम्ही सांगितलं तसं केलं, आता सरळ दिसतोय. पण खालची ई कीबोर्डवर सापडत नाही. सगळ्यात खालची पट्टी सी, तिच्यावरची ई सुद्धा तारेपेक्षा वर आहे.

खर्जप्रेमी:
बरोबर, 61 पट्ट्यांवर ती ई नाहीच, आणि खालची ए सुद्धा नाही. फोनचंही तेच दुखणं. त्याच्या माईकला 41 हर्ट्झ नीट ऐकू येत नाही, मग तो तारेतले वरचे स्वर पकडतो. ई तारेत बी हा अगदी ठळक असतो. म्हणून ठाणेकरांना बी दिसतो, ट्यूनर बिघडलेलं नाही.

उपाय हार्मोनिकचा. तार दाबायची नाही, बोट नुसतं टेकवायचं आणि गज ओढायचा. ए तारेच्या वरच्या टोकापासून ब्रिजपर्यंत मोजा आणि वरून पाव लांबीवर बोट टेकवा. तार 105 सेंमी असेल तर सव्वीस सेंमीवर, तुमची छोटी असेल तर तिचा पाव. जो स्वर येतो तो मधल्या सी-च्या खालचा ए, कीबोर्डवर तो आहे. त्याला ए लावा. मग ई तार पाव लांबीवर आणि ए तार एक तृतीयांशावर, दोन्हींत एकच ई निघते. जुळत नसेल तर आवाजात लाटा येतात, वँव-वँव अशा. लाटा मंदावत थांबल्या की तार लागली. ए-डी आणि डी-जी तसंच: खालची तार पावावर, वरची तृतीयांशावर.

तानपुऱ्यावर मध्यम लावलेल्या कानाला हे पटकन जमेल. फक्त शुद्ध सा-म हा कीबोर्डच्या सा-म पेक्षा केसभर लहान असतो. त्यामुळे लाटा पूर्ण थांबवल्या तर जी कीबोर्डपेक्षा किंचित उतरलेली लागते. पियानोबरोबर वाजवायचं असेल तर अगदी संथ लाट राहू द्या.

सप्तसूर:
क्लॅरिनेटचं मान्य. पण चौथ्याने का लावतात? मी ऐकलंय की पाचव्याने लावलं तर तारा तुटतात.

खर्जप्रेमी:
तारा तुटत नाहीत. रेड मिचेल नावाचे जॅझ बासवादक 1966 पासून पाचव्यानेच लावत, चेलोच्या एक सप्तक खाली. कारण हाताचं आहे. व्हायोलिनवर पहिला पूर्ण स्वर साडेतीन सेंमीवर येतो, मोठ्या बासवर साडेअकरावर. पहिल्या बोटापासून करंगळीपर्यंत ताणलं तरी हातात एकच पूर्ण स्वर मावतो.

जी मेजर वाजवून बघा. ई तारेवर दुसऱ्या बोटाने जी. ए मोकळी, मग पहिल्या बोटाने बी, दुसऱ्याने सी. डी मोकळी, पहिल्याने ई, करंगळीने एफ शार्प. आणि जी मोकळी. अख्खं सप्तक झालं, हात जागचा हलला नाही. पाचव्याने लावलेल्या वाद्यावर मोकळ्या जी-पासून निघा: ए, बी, आणि सी-ला हात सरकवावाच लागतो. तसं वाजवणारे आहेत, त्यांना चेलोची खालची सी मिळते आणि आवाज फार मोकळा येतो असं ते म्हणतात. मी स्वतः सहावीच्या मुलीला ते सुचवणार नाही.

बासगिटार_ठाणे:
बी-चं कळलं, आभार! माझ्या गिटारवर बाराव्या पट्टीवरचं हार्मोनिक घेतलं की ट्यूनर नीट पकडतंय.

नीलांबरी:
आज चारही तारा लागल्या. ई आणि ए जुळताना लाट थांबली तेव्हा मुलगी ओरडलीच, "आई, थांबली!" एक राहिलं. तिच्या पुस्तकात शेवटच्या धड्यात काही नोटांवर छोटं शून्य आहे, म्हणजे हार्मोनिक असं खाली लिहिलंय. ती नोट सुद्धा एक सप्तक खालीच वाजते का?

खर्जप्रेमी:
इथे सगळे एकासारखं लिहीत नाहीत. काहीजण बाकीच्या नोटांसारखीच एक सप्तक वर लिहितात, काहीजण हार्मोनिक मात्र वाजतो तिथेच लिहितात. पुस्तकाच्या सुरुवातीला खुलासा आहे का बघा, नाहीतर तेवढ्या ओळीचा फोटो इथे टाका.