शब्दचर्चा: ‘पावणेसहा मेडिकलच्या समोर ये’ – कॅबचालकाला पाठवायचा मेसेज

रिकामीओळ
कॅब आधीच ठरवली आहे, चालकाचा नंबरही आला आहे. त्यांना पुढचा मेसेज पाठवायचा आहे. शब्दक्रम विस्कटलेला वाटतोय, आणि ‘ये’ उद्धट वाटेल का, अशीही शंका आहे. ‘कृपया यावे’ केलं तर चालेल का?

“दादा उद्या सकाळी मी तयार असेन पावणेसहा मेडिकलच्या समोर गेट दोन ये येताना फोन कर दोन बॅगा आहेत उशीर नको”

कानामात्रा
‘ये’ आणि ‘कर’ आधी बदला. अनोळखी माणसाला ‘दादा’ म्हणायचं आणि पुढे ‘ये’ म्हणायचं, तर ‘दादा’चा आदर तिथेच संपतो. ‘या’, ‘करा’ एवढं पुरेसं आहे. त्याच्या जोडीला ‘कृपया’ लागत नाही.

‘यावे’ मात्र नको. ते रूप नोटिशीतलं आहे, ‘सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे’ या जातीचं. व्याकरणाने आदरार्थी असलं तरी एका माणसाला फोनवर पाठवलं की हुकूम वाटतो. ‘याल का?’ सौम्य आहे, पण तो प्रश्न आहे. गाडी ठरलेली असताना असं विचारलं तर अजून काही नक्की नाही, असा अर्थ निघू शकतो.

पायवाट
‘येताना फोन करा’ की ‘आल्यावर फोन करा’, हे आधी ठरवा. दोन्ही एकच समजून लिहिलं जातं. ‘येताना’ म्हणजे वाटेत असताना, म्हणजे चालकाने गाडी चालवता चालवता फोन करायचा. तो तसा करणार नाही, आणि करूही नये. निघाल्याची खबर हवी असेल तर ‘निघताना’. दारात आल्याची हवी असेल तर ‘पोहोचलात की’.

शुद्धबोली
‘कॅब’, ‘गेट’, ‘मेडिकल’ हे सगळे परके शब्द आधी काढा. ‘प्रवेशद्वार क्रमांक दोन, औषधालयासमोर’ असं लिहा, मेसेज आपोआप सभ्य होईल.

कानामात्रा
प्रश्न शुद्धीचा नाही, चालकाला नेमकं कळण्याचा आहे. खांबावर ‘गेट २’ लिहिलं असेल तर मेसेजमध्येही ‘गेट २’च हवं. ‘प्रवेशद्वार’ वाचून माणूस मोठी कमान शोधत बसेल.

आता शब्दक्रम. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि त्याच्या लगेच आधी जे असतं त्यावर भर पडतो. दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचा:

“पावणेसहाला गेट दोनजवळ या.”
“गेट दोनजवळ पावणेसहाला या.”

पहिल्यात ऐकू येतं की जागा गेट दोन आहे, दुसरं कुठलं गेट नाही. दुसऱ्यात जागा ठाऊक आहे असं धरलेलं आहे आणि भर वेळेवर आहे. चालक पहिल्यांदाच येत असेल तर पहिलं वाक्य. रोजचाच असेल आणि आज फक्त वेळ बदलली असेल तर दुसरं.

मूळ मेसेजचा घोळ असा की ‘पावणेसहा’ला ‘ला’ नाही आणि ‘गेट दोन’ला ‘जवळ’ नाही. प्रत्यय गाळले की कुठला शब्द कशाला जोडायचा हे वाचणाऱ्यावर पडतं. शिवाय ‘तयार असेन पावणेसहा’ एका दमात वाचलं तर पावणेसहाला तुम्ही तयार होणार, गाडी नंतर आली तरी चालेल, असंही वाचता येतं.

अर्धविराम
मग ‘पावणेसहालाच या’ करा ना. ‘च’ लावला की संपलं.

कानामात्रा
‘च’ने भर येतो हे बरोबर, पण सूर चढतो. ‘पावणेसहालाच’ म्हणजे आधीही नको आणि नंतरही नको. मागच्या वेळी उशीर केला होता, असाही वास त्याला येतो. ‘पावणेसहापर्यंत’ केलं तर उलट गडबड. तो सव्वापाचला येऊन उभा राहिला तरी त्याने सांगितलेलंच केलं. साधा ‘ला’ पुरतो.

पायवाट
आता ‘मेडिकलच्या समोर’. सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. ‘दुकानासमोर’ म्हणजे दुकानाच्या पायरीपाशी की रस्त्याच्या पलीकडे, तोंडासमोर? दोन्ही अर्थ रूढ आहेत. मध्ये दुभाजक असेल तर चुकीच्या बाजूला आलेल्या गाडीला पुढे जाऊन वळून यावं लागतं. गेट मेडिकलच्याच बाजूला असेल तर ‘मेडिकलला लागून’ लिहा. पलीकडे असेल तर ‘रस्त्याच्या पलीकडे’ असं पूर्ण लिहा.

नुसतं ‘पलीकडे’, ‘अलीकडे’, ‘डावीकडे’ तर नकोच. तुम्ही गेटात उभं राहून ‘डावीकडे’ म्हणता आणि तो रस्त्यावरून येताना वाचतो.

रिकामीओळ
गेट मेडिकलच्याच बाजूला आहे, भिंतीला भिंत लागून. आणि ‘उशीर नको’ कसं लिहू? ट्रेन सव्वासातची आहे, ते सांगू का?

पायवाट
ट्रेनची वेळ टाळा. एका मेसेजमध्ये दोन वेळा आल्या की घाईत वाचणारा चुकीची उचलतो. ‘उशीर नको’ऐवजी ‘ट्रेन गाठायची आहे’ म्हणा, कारणही कळतं आणि दोषही लागत नाही.

अर्धविराम
माझा वेगळा प्रश्न आहे. मी रात्री साडेबाराला ‘उद्या सकाळी सहाला या’ असा मेसेज पाठवते. तेव्हा ‘उद्या’ कुठला धरायचा?

कानामात्रा
पाठवणारी झोपली नसेल तर तिच्यासाठी अजून ‘आज’च चालू असतो, पण घड्याळात तारीख बदललेली असते. चालकाने मेसेज सकाळी उघडला तर ‘उद्या’ आणखी एक दिवस पुढे सरकतो. वार लिहा.

वेळही अक्षरांत आणि आकड्यांत, दोन्ही लिहा. ‘पावणे ६’ नको, डोळा सहावर अडकतो. चालकाला मराठी वाचण्याची सवय नसेल तर गेटचा आकडा अक्षरांतही द्या, कारण देवनागरी १ इंग्रजी 9सारखा दिसतो आणि ४ हा 8सारखा.

सगळं धरून असं होईल:

“नमस्कार दादा. शुक्रवारी पहाटे पावणेसहाला (५:४५) गेट दोनजवळ या. गेट मेडिकलला लागूनच आहे. मी एकटी आहे, दोन मोठ्या बॅगा आहेत. ट्रेन गाठायची आहे. पोहोचलात की फोन करा.”

स्क्रीनवर मेसेजची पहिली ओळच दिसते, म्हणून वार, वेळ आणि जागा आधी. ‘मी तयार असेन’ गेलं, त्याने चालकाला काही कळत नव्हतं. ‘एकटी’मुळे कोणाला शोधायचं तेही कळतं.

अर्धविराम
पावणेसहा म्हणजे पहाट कशी? तेव्हा तर उजाडलेलं असतं.

पायवाट
उन्हाळ्यात उजाडतं, हिवाळ्यात अंधार असतो. मी ‘सकाळी’ लिहिलं असतं.

कानामात्रा
‘सकाळी’ही चालेल. ‘पहाटे’ने संध्याकाळच्या पावणेसहाची शंका उरत नाही, म्हणून मी तो ठेवला. पण ‘सकाळी’नेही ती उरत नाही, हे मान्य.

शुद्धबोली
‘बॅगा’ऐवजी निदान ‘पिशव्या’?

पायवाट
पिशव्या मांडीवर मावतात. त्याला डिकी रिकामी ठेवायची आहे.