मदत हवी आहे: डिपॉझिटमधून कापलेल्या रकमांबद्दल घरमालकांना पत्र, मसुदा तपासून द्याल का?

रिकामी_खोली:
चौतीस महिने राहून घर सोडलं. किल्ल्या देऊन पाच आठवडे झाले. काल मालकांचा मेसेज आला. खरे आकडे इथे टाकत नाही, डिपॉझिट १०० धरा. त्यांची कपात अशी:

संपूर्ण घराचं रंगकाम ३०, गीझर नवा १२, ओट्याचा कडप्पा बदलणे १०, साफसफाई ६, वीजबिल ४, इतर ५. एकूण ६७.

खाली एक ओळ: "३३ शिल्लक. हिशोब मान्य असल्याचं कळवा, म्हणजे लगेच पाठवतो."

मालक वाईट नाहीत. तीन वर्षं 'काका' म्हणत आलेय, तेही अडीअडचणीला धावून आलेत. म्हणून भांडायचं नाहीये, पण ६७ सोडूनही द्यायचे नाहीत. पहिला मसुदा लिहिला तो तीन पानांचा झाला आणि वाचून मलाच माझा राग आला. काय ठेवू, काय काढू?

सरळसोट:
रंग कायम मालकाचाच खर्च असतो, भाडेकरूकडून घेताच येत नाही. एवढं एक वाक्य लिहा आणि मोकळे व्हा. पुढच्या वेळी शेवटचे दोन-तीन महिने भाडंच देऊ नका, डिपॉझिट आपोआप फिटतं. मी तसंच करतो.

अंगणवेल:
गीझर जुना असेल तर भाडेकरूकडून पूर्ण घेऊ नका हो, निम्मे घ्या. उगाच नातं बिघडतं.

रिकामी_खोली:
अंगणवेल, मी भाडेकरू आहे, मालक नाही 🙂

अंगणवेल:
अरे हो! मग निम्मे द्या.

जुना_दप्तरी:
काही वर्षं भाड्याच्या घरांचे हिशोब मिटवण्याचं काम केलंय, त्यावरून सांगतो.

सगळ्यात आधी, 'मान्य' हा शब्द कुठेही लिहू नका. नुसतं 'ठीक आहे काका' सुद्धा नको. तो मेसेज पुढे पूर्ण हिशोब मिटल्याचा पुरावा म्हणून दाखवला जातो. ३३ त्यांनी स्वतःच देणं आहे असं लिहिलंय, म्हणजे त्या रकमेवर वाद नाही. ती अटीशिवाय मागा आणि उरलेल्यावर बोलणी चालू ठेवा.

सरळसोट यांचं रंगाबद्दलचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. वापराने रंग फिका पडतो, मळतो, ती झीज आणि ती भाड्यातच आली. पण खिळे ठोकून पोपडा उडवला तर ते नुकसान, ते भाडेकरूचं. शिवाय 'घर सोडताना रंगाचा खर्च भाडेकरूचा' असं कलम तुम्ही सही केलेल्या करारात असेल तर चित्र बदलतं. भाडं बुडवण्याचा सल्ला मात्र ऐकू नका. तसं केलं की थकबाकीदार तुम्ही होता आणि तक्रार करण्याची जागा हातची जाते.

चार गोष्टी सांगा: करारात परत देण्याबद्दल नेमके शब्द काय, रंग शेवटचा कधी झाला होता, गीझर कधी आणि कसा बिघडला, आणि मीटरचा फोटो आहे का?

रिकामी_खोली:
करार काढून बघितला. शब्द असे: "सर्वसाधारण झीज वगळता घर होते त्या स्थितीत परत करावे." रंगाचं वेगळं कलम नाही. रंग मी यायच्या वर्षभर आधी झाला होता, हे काकांनीच घर दाखवताना सांगितलं होतं. तेव्हाच्या मेसेजमध्येही आहे. हॉलच्या एका भिंतीवर मी फळी लावली होती. ती काढताना बशीएवढं प्लॅस्टर निघालं, ते माझंच.

गीझरने मी जायच्या चार महिने आधी बटण पाडायला सुरुवात केली. मेसेज केला होता, उत्तर आलं "बघू नंतर". ओट्याच्या कडेला जड भांडं पडून टवका उडालाय, तोही माझाच. किल्ल्या देताना मीटरचा फोटो काढलाय: ८२१०. काकांनी बिल पाठवलं त्यात मागची नोंद ८१२०, चालू नोंद ८२७०.

घरमालक_मीही:
दुसरी बाजू सांगतो. नवा भाडेकरू यायच्या आधी हातात आठवडा असतो, रंगारी एका भिंतीसाठी येत नाही. एकच भिंत रंगवली तर जुन्या रंगाशी जुळत नाही, म्हणून अख्खं घर करावं लागतं. यात लबाडी नसते.

जुना_दप्तरी:
लबाडी नसते हे कबूल. पण नवा रंग पुढचा भाडेकरू आणि तुम्हीही वापरणार, त्याचं पूर्ण बिल मागच्याकडून कसं घेणार? रंग साधारण पाच वर्षं, म्हणजे ६० महिने टिकतो असं धरा. या घरात १२ अधिक ३४, म्हणजे ४६ महिने होऊन गेलेत. १४ उरले, म्हणजे जेमतेम पाव आयुष्य. रंग जुळत नाही हे तुमचं म्हणणं मान्य करून पूर्ण हॉल धरला, तरी हॉलच्या खर्चाचा पाव भाग एवढंच भाडेकरूकडे येतं. पाच वर्षं हा काही दगडावरचा आकडा नव्हे. मालक सात म्हणाले तर थोडं वाढेल, पण ३० कधीच होणार नाही.

विजेचं सोपं आहे. बिल १५० युनिटचं, त्यातले तुमचे ९०. म्हणजे ४ पैकी २.४. स्थिर आकारामुळे थोडं इकडेतिकडे होईल, त्यावर ताणू नका.

पत्रात जे तुमचं आहे ते आधी कबूल करा. मग 'हे नाही' म्हणताना वजन येतं.

पाटीपेन्सिल:
माझं डिपॉझिट किल्लीवरून अडलं होतं. मी शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवली, मालक म्हणाले मला तीन आठवड्यांनी मिळाली, तेवढं भाडं कापलं. तुम्ही हातात दिलीत ना?

रिकामी_खोली:
हो, हातात. "मिळाल्या" असा मेसेजही आहे. हा दुसरा मसुदा. हॉलचा खर्च मी ६ धरलाय, कारण काकांच्या रंगाऱ्याने पाच भाग सारखेच लावलेत.

---

स.न.वि.वि.

घराचा ताबा मी आपल्या हाती दिला, त्याला पाच आठवडे झाले. १०० अनामत रकमेपैकी ६७ ची कपात आपण कळवलीत. यादी सविस्तर दिल्याबद्दल आभार. त्यातल्या प्रत्येक बाबीवर माझं म्हणणं मांडते.

वीजबिल: ताबा देताना मीटरवर ८२१० होते, फोटो जोडला आहे. बिलातल्या १५० युनिटपैकी ९० माझे. त्याचे २.४ मला मान्य.

रंगकाम: हॉलच्या भिंतीचं प्लॅस्टर माझ्याकडून निघालं. हा रंग ४६ महिन्यांचा झाला होता. त्याचं आयुष्य ६० महिने धरून हॉलच्या ६ पैकी १.५ देण्यास मी तयार आहे. बाकी खोल्यांत झिजेपलीकडचं नुकसान आपल्याला आढळलं असल्यास कोणत्या भिंतीवर काय, ते फोटोसह कळवावं. तसं नसल्यास करारातील 'सर्वसाधारण झीज वगळता' या शब्दांनुसार ती कपात मला मान्य नाही.

ओटा: कडेचा टवका माझ्याकडून उडाला. आपण पाठवलेला कागद अख्खा कडप्पा बदलण्याच्या अंदाजाचा आहे, बिल नव्हे. टवका भरून कड घासून घेता येते का, हे कारागिराला विचारावं. झालेल्या दुरुस्तीचं बिल दाखवल्यास तो खर्च मी देईन. तोवर हे १० आपल्याकडे राहू द्यावेत.

गीझर: बिघाड मी चार महिने आधी लेखी कळवला होता, प्रत सोबत आहे. तो माझ्या हाताळणीमुळे झाला असं तंत्रज्ञाने लिहून दिलं असल्यास ते पाठवावं. अन्यथा ही कपात मागे घ्यावी.

साफसफाई: शेवटच्या दिवशीचे खोलीवार फोटो जोडले आहेत. काय अस्वच्छ होतं आणि कोणाला किती दिले, याची पावती मिळावी.

इतर ५: हे कशाचे, ते कळल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

आपल्याच हिशोबाप्रमाणे ३३ देणं आहे. ते कोणत्याही अटीविना आता पाठवावेत. ते स्वीकारणं म्हणजे उरलेला दावा सोडणं नव्हे. वरील बाबी धरता आणखी ५३.१ येणं आहे. ही रक्कम किंवा मागितलेली कागदपत्रं हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत मिळावीत.

कळावे,

---

घरमालक_मीही:
मला असं पत्र आलं असतं तर वाईट वाटलं असतं, पण उत्तर दिलं असतं. ओट्याबद्दल मात्र पटत नाही. नुकसान झालंय तर मी दुरुस्त करो वा न करो, माझ्या वस्तूची किंमत उतरलीच ना? बिलाची सक्ती का?

जुना_दप्तरी:
मुद्दा बिनबुडाचा नाही. पण टवक्याने उतरलेली किंमत म्हणजे नव्या कडप्प्याची किंमत नव्हे. यावर मी दोन्ही बाजूंनी निकाल लागलेले पाहिलेत. म्हणूनच १० अडकवून ठेवणं शहाणपणाचं वाटतं, उरलेल्याला त्याची झळ लागत नाही.

मसुदा चांगला आहे. बेरीज तपासली: १०० मधून २.४, १.५ आणि १० वजा, ८६.१. त्यातले ३३ गेले की ५३.१. एक बदल करा: साफसफाईचा मुद्दा गीझरच्या आधी घ्या. गीझरवर तुमचा पुरावा सगळ्यात पक्का आहे, ते वाचून माणूस 'इतर ५' वर आला की तिथे अडत नाही. आणि पत्र पोहोचल्याची पावती मिळेल अशा पद्धतीने पाठवा. नुसता मेसेज पुरत नाही, नंतर 'बघितलाच नाही' होतं.

सरळसोट:
एवढं गोड कशाला? 'नाहीतर कोर्टात भेटू' टाका.

जुना_दप्तरी:
पहिल्याच पत्रात ते लिहिलं आणि सोळाव्या दिवशी गेला नाहीत, तर दुसऱ्या पत्राला कोण विचारतो?

रिकामी_खोली:
वर 'स.न.वि.वि.' च्या आधी 'आदरणीय काका' लिहू की पूर्ण नाव?

पाटीपेन्सिल:
पाकिटावर आणि पत्राच्या माथ्यावर करारातलं पूर्ण नाव. मायन्यात काका असू दे, तीन वर्षांचं नातं एकदम 'महोदय' झालं की समोरचा आधी त्यावरच रुसतो.

रिकामी_खोली:
बारा दिवसांनी लिहितेय. ३३ जमा झाले. पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला, आवाज दुखावलेला होता. गीझर आणि 'इतर' सोडतो म्हणाले. हे लेखी द्या म्हटलं तर "आता माझ्या शब्दावरही विश्वास नाही का?" फोन झाल्यावर मीच मेसेज केला: "आपण गीझरचे १२ आणि इतर ५ मागे घेतल्याचं सांगितलंत, चुकीचं ऐकलं असल्यास कळवा." दोन निळ्या टिक आल्यात, उत्तर नाही. रंगावर अजून अडलेत, म्हणतात रंग सात वर्षं टिकतो.

जुना_दप्तरी:
सात वर्षं म्हणजे ८४ महिने, उरले ३८. हॉलच्या ६ पैकी २.७. एवढ्यावर मिटत असेल तर द्या. पण उरलेल्या चार खोल्यांचे फोटो आलेत का?

रिकामी_खोली:
नाही आले. तीन दिवस बाकी आहेत.